दर आठवी फ्रेम का हादरते?

चालताना घेतलेला व्हिडिओ नुसता आठपट वेगाने पळवला, तर पाहताना गरगरायला लागतं. कारण पावलांत आहे. आपण सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो. सेकंदाला 30 फ्रेमच्या चित्रणात एक पाऊल म्हणजे 15 फ्रेम. दर आठवी फ्रेम उचलली, की एकीत कॅमेरा वर, पुढचीत खाली! पंधरापट वेगात हा हेलकावा बराच शमतो, दहा मिनिटांची चाल 40 सेकंदांत बसते. डावी-उजवीकडचा झोल मात्र दोन पावलांचा असतो, तो उरतो. शिवाय चाल कधीच एकसारखी नसते. म्हणून चांगलं सॉफ्टवेअर ठरल्या जागेच्या आसपासची, आधीच्या फ्रेमशी सर्वांत जुळणारी फ्रेम निवडतं आणि उरलेला हादरा कडा कापून घालवतं. त्यासाठी चित्रण मुळातच रुंद घ्यावं.