दहा मिनिटांचं औषध सात तास पुरतं तेव्हा

भूलतज्ज्ञांच्या कपाटात, खरं तर फ्रिजमध्ये, सक्सामेथोनियम नावाच्या औषधाची छोटी बाटली असते. जुनी मंडळी तिला आजही 'स्कोलीन' म्हणतात. शिरेतून दिल्यावर मिनिटभरात अंगातला स्नायू न् स्नायू ढिला पडतो, श्वासही थांबतो, आणि दहा मिनिटांच्या आसपास सगळं आपोआप पूर्ववत होतं. या दहा मिनिटांच्या भरवशावर भूलतज्ज्ञ ते वापरतात. पण तो भरवसा बाटलीतून येत नाही. तो रुग्णाच्या रक्तातल्या एका एन्झाइमवर अवलंबून असतो, आणि हे एन्झाइम ज्यांच्यात नसतं त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

हे समजण्यासाठी मज्जातंतू आणि स्नायू जिथे भेटतात तिथे जावं लागतं. तिथे तंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं, समोरच्या स्नायूवरच्या ग्राहीला चिकटतं आणि स्नायू आकुंचन पावतो. लगेच एक एन्झाइम त्या रसायनाचे तुकडे करतं आणि स्नायू पुढच्या निरोपाला मोकळा होतो. दारावरच्या बेलसारखं समजा: बटण दाबलं, बेल वाजली, बोट उचललं, पुन्हा दाबायला बटण तयार.

भुलेत स्नायू ढिले करणारी औषधं दोन घराण्यांतली. व्हेक्युरोनियम, ॲट्राक्युरियम, रोक्युरोनियम ही पहिल्या घराण्यातली. दक्षिण अमेरिकेतल्या बाणांच्या विषाची, क्युरारेची, ही वंशज. ती बटणावर नुसता हात झाकून बसतात. स्वतः दाबत नाहीत, दुसऱ्याला दाबू देत नाहीत. ॲसिटिलकोलिन पुरेसं वाढवलं की ते या झाकलेल्या हातांना बाजूला सारतं, म्हणून शस्त्रक्रियेच्या शेवटी निओस्टिग्मिन देऊन त्यांचा असर उतरवता येतो.

दुसऱ्या घराण्यात आज वापरात उरलेलं एकच औषध आहे, सक्सामेथोनियम. ते म्हणजे ॲसिटिलकोलिनचेच दोन रेणू एकमेकांना जोडलेले. साहजिकच ते बटण दाबतं, आणि दाबूनच धरतं. बेल एकदा वाजते: रुग्णाच्या भुवया, गाल, मान, मग हातपाय अशी बारीक थरथर अंगभर पसरते. त्यानंतर सामसूम. बटण दाबलेलंच असल्यामुळे नवा निरोप उमटत नाही. इथे निओस्टिग्मिनचा उपयोग नाही. उलट आणखी ॲसिटिलकोलिन म्हणजे त्याच बटणावर आणखी एक बोट.

या रेणूची एक गंमत सांगण्यासारखी आहे. तो १९०६ साली अमेरिकेत रीड हंट यांच्या प्रयोगशाळेत तपासला गेला होता. पण ते त्याचा रक्तदाबावरचा परिणाम बघत होते आणि प्रयोगातल्या जनावरांना आधीच क्युरारे दिलेलं होतं. जनावरं लुळीच होती, त्यामुळे नवं औषध लुळं पाडतं हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. ते लक्षात यायला १९४९ उजाडलं. डॅनियल बोव्हे यांनी ते दाखवलं आणि दोन-तीन वर्षांत औषध शस्त्रक्रियागृहात आलं.

ते दहाच मिनिटं टिकतं, कारण यकृतात तयार होऊन रक्तात फिरणारं स्यूडोकोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम त्याचा वाटेतच फडशा पाडतं. दिलेल्या औषधाचा जेमतेम दहावा हिस्सा स्नायूंपर्यंत पोचतो, असा साधारण अंदाज आहे. रक्तातलं प्रमाण घसरलं की स्नायूजवळचं औषधही रक्ताकडे परततं आणि तिथे संपतं. एन्झाइमच नसेल तर? मग नेहमीचाच डोस अनेकपटींनी मोठा ठरतो, आणि तो संपायला मूत्रपिंडाचा आणि रेणूच्या संथ विघटनाचा तेवढा आधार उरतो.

अशा प्रसंगांवरून जुळवलेली एक रात्र पाहू. मराठवाड्यातलं एक तालुक्याचं गाव, चोवीस वर्षांचा मुलगा, वजन ६० किलो, अपेंडिक्स सुजलेलं. संध्याकाळी पोटभर जेवलेला. पोट भरलेलं असताना भूल दिली की अन्न घशात येऊन फुप्फुसात जाण्याची भीती असते, म्हणून श्वासनलिकेत नळी झटपट घालावी लागते. भूलतज्ज्ञ मॅडमनी किलोला दीड मिलिग्रॅम या हिशेबाने ९० मिलिग्रॅम सक्सामेथोनियम दिलं. वेळ ९.४०. थरथर झाली, नळी सहज गेली.

पुढचा रिवाज असा की औषध उतरू लागलं की व्हेक्युरोनियमसारखं लांब पल्ल्याचं औषध द्यायचं. घाईत अनेकदा 'उतरू लागलं' याची वाट न बघताच ते दिलं जातं, आणि मग शेवटी रुग्ण श्वास घेईना झाला की दोन औषधांपैकी कुणाचा हा प्रताप, हे कळायला मार्ग राहत नाही. या मॅडम थांबल्या. ९.५५ झाले, श्वासाचा प्रयत्न नाही. पोट ढिलंच असल्याने सर्जनची काही तक्रार नव्हती. मॅडमनी मनगटाजवळच्या नसेवर नर्व्ह स्टिम्युलेटर लावला. हे यंत्र दोन सेकंदांत विजेचे चार हलके झटके देतं आणि दर झटक्याला अंगठा हलतो. इथे अंगठा एकदाही हलला नाही. यंत्राची बॅटरी गेली असेल म्हणून त्यांनी झटका स्वतःच्या मनगटावर घेऊन पाहिला. चांगलाच बसला.

१०.४० ला टाके पडले. अंगठा अजून ढिम्म. साडेबाराला चार झटक्यांना चार हालचाली दिसल्या, पण पहिली ठळक, दुसरी तिच्याहून कमी, तिसरी आणखी कमी, चौथी नावापुरती.

ही उतरंड महत्त्वाची. सक्सामेथोनियमच्या नेहमीच्या असरात चारही हालचाली सारख्याच क्षीण होतात. उतरंड ही एरवी पहिल्या घराण्याची, व्हेक्युरोनियमची खूण. पण सक्सामेथोनियम मोठ्या मात्रेत किंवा बराच वेळ ग्राहींना चिकटून राहिलं की असराचं रूप पालटतं. दाबून धरलेलं बटण जणू बधिर होतं: स्नायूच्या पडद्यावरचा विजेचा भार पूर्ववत होत आलेला असतो, तरी ग्राही निरोपाला दाद देत नाहीत, आणि तंतूचं टोकही एकामागून एक निरोप पाठवताना ॲसिटिलकोलिन पुरवू शकत नाही. याला 'फेज टू ब्लॉक' म्हणतात. एन्झाइम शाबूत असलेल्या माणसात त्यासाठी पुन्हापुन्हा डोस किंवा सलाइनमधून लांबवलेला मारा लागतो. या मुलात तो एकाच डोसने आला, आणि तिथेच निदान जवळजवळ झालं.

खरी परीक्षा यानंतर असते. उतरंड दिसतेय, म्हणजे असर व्हेक्युरोनियमसारखा. मग निओस्टिग्मिन देऊन मोकळं का होऊ नये? तर्क चुकीचा नाही, आणि कधीकधी त्याने फायदा होतोही. पण स्यूडोकोलिनएस्टरेज कमी असलेल्या माणसात त्याची खात्री देता येत नाही. रक्तात सक्सामेथोनियम अजून फिरत असेल तर निओस्टिग्मिनने ब्लॉक गडद होऊ शकतो. शिवाय ते या एन्झाइमचाही उरलासुरला तुकडा निकामी करतं. बसून राहणं नामुष्कीचं वाटतं, पण माझ्या मते या प्रसंगात तेच सर्वांत शहाणपणाचं काम आहे. एन्झाइम असलेला ताजा प्लाझ्मा देता येतो, पण काही तासांसाठी परक्याच्या रक्तघटकाची जोखीम बहुतेक डॉक्टर घेत नाहीत.

मॅडमनी श्वास यंत्रावर ठेवला आणि भूल चालू ठेवली. हे दुसरं वाक्य अधोरेखित करावं असं आहे. सक्सामेथोनियम झोप आणत नाही. शस्त्रक्रिया संपली म्हणून गॅस बंद केला तर रुग्ण पूर्ण जागा होतो, सगळं ऐकतो, आणि पापणीसुद्धा हलवू शकत नाही. नाडी आणि रक्तदाब चढणं, घाम, डोळ्यांच्या कडेला पाणी एवढीच त्याची भाषा उरते. मेंदूला ऑक्सिजन मिळतो आहे तोवर हा आजार बाकी काही बिघडवत नाही. कायमची इजा होते ती श्वास न सांभाळल्याने किंवा नळी घाईने काढल्याने, आणि मनाला इजा होते ती या जागेपणाने.

बाहेर वडील दोनदा विचारून गेले होते, "मॅडम, भूल जास्त झाली का?"

"भूल जास्त नाही झाली, काका. एक औषध त्याच्या रक्तात लवकर विरघळत नाहीये. श्वास मशीन देतंय, तो झोपेत आहे. सकाळपर्यंत बाहेर येईल. तुमच्या घरात कुणाला ऑपरेशननंतर असं झालं होतं का?"

काकांना आठवलं: त्यांच्या चुलतभावाला हर्नियाच्या वेळी 'शुद्ध यायला उशीर' झाला होता. कागद कुठलाच नव्हता.

सव्वातीनला मुलाने स्वतः श्वास ओढायला सुरुवात केली. साडेचारला चौथी हालचाल पहिलीच्या नव्वद टक्क्यांपुढे गेल्याचं मोजणाऱ्या यंत्रावर दिसलं, भूल बंद केली, त्याने डोकं उचलून पाच सेकंद धरलं. ४.४५ ला नळी निघाली.

कुटुंब आर्य वैश्य, म्हणजे गावच्या बोलीत कोमटी. मॅडमना शंका यायला हे एक कारण होतं. आंध्र, तेलंगण, तमिळनाडू, कर्नाटक आणि आपल्याकडे मराठवाड्या-विदर्भात पसरलेल्या या समाजात या एन्झाइमच्या जनुकातला एक विशिष्ट बदल बराच आढळतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, कोइम्बतूरच्या वैश्य लोकांवरच्या अभ्यासात साधारण चोविसात एकाच्या रक्तात हे एन्झाइम जवळपास नव्हतंच. युरोपीय वंशाच्या लोकांत हे प्रमाण लाखात एक मानलं जातं. पिढ्यान्पिढ्या आपसात, अनेकदा मामाच्या घरी, लग्नं होत आल्याचा हा परिणाम. एरवी ही माणसं ठणठणीत असतात.

निदानासाठी जगभर गाजलेली चाचणी म्हणजे टोरांटोच्या वर्नर कॅलो यांनी १९५७ मध्ये आणलेला डायब्युकेन नंबर. डायब्युकेन नावाचं औषध निरोगी एन्झाइमचं काम सुमारे ८० टक्के रोखतं, बिघडलेल्या एन्झाइमचं फक्त २० टक्के, आणि एक प्रत चांगली एक खराब असेल तर ६० च्या आसपास. मात्र हा आकडा एन्झाइम कसं आहे ते सांगतो, किती आहे ते नाही. आपल्या या मुलासारखं एन्झाइमच नसेल तर रोखायचं काय? इथे कामाला येते ती साधी सीरम कोलिनएस्टरेजची तपासणी, जी जिल्ह्याच्या ठिकाणी कीटकनाशकाची विषबाधा झालेल्या शेतकऱ्यांसाठी रोजच होते. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकं हेच एन्झाइम निकामी करतात. म्हणून फवारणीतून विषबाधा झालेल्या माणसाला सक्सामेथोनियम दिलं तर जनुकं धडधाकट असूनही तो असाच तासन्तास अडकतो. गरोदरपणात आणि यकृताच्या आजारातही पातळी उतरते, पण त्याने बहुधा काही मिनिटांचाच फरक पडतो.

मुलाचा अहवाल आला: नोंदवता येईल इतकंही एन्झाइम नाही. आईवडिलांची पातळी निम्म्याच्या आसपास, म्हणजे दोघांकडे एकेक खराब प्रत. भावाचं प्रमाण नीट निघालं. बहीण सहा महिन्यांची गरोदर होती आणि तिचंही एन्झाइम शून्याजवळ होतं. तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहिलं गेलं: सक्सामेथोनियम नको, मिव्हाक्युरियम नको. मिव्हाक्युरियम पहिल्या घराण्यातलं असूनही त्याचे तुकडे हेच एन्झाइम करतं. सिझेरियनची वेळ आली तर मणक्यातून भूल, आणि पूर्ण भूल द्यावीच लागली तर रोक्युरोनियम, जे मिनिटभरात काम करतं आणि ज्याच्या उताऱ्याला या एन्झाइमची गरज नाही. रोक्युरोनियमचा असर तासभर तरी राहतो, तो चटकन उतरवणारं सुगामाडेक्स महाग आहे आणि तालुक्याच्या दवाखान्यात क्वचितच असतं. म्हणून बाळंतपण जिल्ह्याच्या ठिकाणी करायचं ठरलं.