तेलकट केसांवर रंग का धरत नाही?

डायच्या पाकिटातल्या माहितीपत्रकावर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की रंग लावण्याआधी एक दिवस केस धुऊ नका. मेंदी लावून देणारी बाई मात्र बजावते, ‘ताई, केस स्वच्छ धुवून या, तेलाचा हात लागलेला नको.’ घरातली एखादी आत्या तिसरंच सांगते: आदल्या रात्री तेल चोपडून ठेवलं म्हणजे डायने केस खराब होत नाहीत. यातले पहिले दोन सल्ले बरोबर आहेत, कारण ते दोन वेगवेगळ्या रंगांबद्दल आहेत. आत्याच्या सल्ल्याने केस थोडे वाचतीलही, पण पांढऱ्यांतले बरेचसे पांढरेच राहतील.

डाय लावताना कपाळाच्या कडेला आणि कानांच्या पाळ्यांना आपण व्हॅसलीन लावतो, ते कशासाठी? तिथल्या कातडीवर काळे डाग पडू नयेत म्हणून. डाय पाण्यात कालवलेला असतो आणि त्या चिकट थरातून त्याला आत शिरता येत नाही. कातडीच्या बाबतीत हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. केसांवर खोबरेल तेलाचा किंवा सीरमचा थर असेल तर तिथेही हेच होणार, हे मात्र लक्षात येत नाही. त्यातून पांढरे केस बहुतेकांचे आधी दिसतात ते कानशिलांवर, म्हणजे व्हॅसलीनचं बोट नेमकं जिथे फिरतं तिथेच. ते बोट अर्धा सेंटिमीटर वर सरकलं की कानशिलावरची पांढरी रेघ तशीच राहते आणि दोष कंपनीला दिला जातो.

केस म्हणजे प्रथिनाचा धागा. त्याच्यावर अतिशय पातळ खवल्यांचं आवरण असतं. डायमधला अमोनिया किंवा त्याच्या जागी वापरलेला दुसरा अल्कधर्मी पदार्थ केस फुगवतो, त्यामुळे खवले उचलले जातात आणि रंगाचे कण आत जातात. पण हे कण आत शिरताना रंगीत नसतातच. ट्यूबमधली क्रीम पांढरट असते. तिच्यात डेव्हलपर, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडचं द्रावण, मिसळलं की वाटीतच ती आधी करडी, मग तपकिरी, मग काळी पडू लागते. लहान कण एकमेकांना जोडले जाऊन मोठे, गडद कण तयार होत असतात. हे जोडकाम केसाच्या आत झालं तर मोठा झालेला कण तिथेच अडकतो आणि रंग टिकतो. बाहेर झालं तर तो आत मावत नाही आणि पहिल्या-दुसऱ्या धुण्यात वाहून जातो.

म्हणजे ही सगळी घड्याळाशी शर्यत आहे. कालवल्या क्षणापासून कण मोठे होऊ लागतात आणि तीस-पस्तीस मिनिटांत खेळ जवळजवळ संपतो. केसांवर तेलाचा जाड थर असेल तर सुरुवातीचा बराच वेळ तो ओलांडण्यात जातो आणि कण वाटेतच वाढतात. तेलकट केसांवर डाय तासभर ठेवूनही उपयोग होत नाही तो यामुळेच. उशिरा पोचणारा रंग आत जाण्याइतका लहान राहिलेलाच नसतो. जास्त वेळ ठेवल्याने टाळूची जळजळ तेवढी वाढते.

मग पाकिटवाले धुऊ नका का म्हणतात? ते टाळूचा विचार करत असतात. टाळूतून सतत पाझरणारं स्वतःचं तेल कातडीवर पातळ साय धरतं. नुकतंच नखांनी खसाखसा चोळून न्हालेल्या टाळूवर ती साय नसते, बारीक ओरखडे असतात, आणि तिथे अमोनिया आणि पेरॉक्साइड झोंबतं. एका दिवसाचं हे नैसर्गिक तेल रंगाला फारसं आडवं येत नाही. क्रीम डायमध्ये साबणासारखं काम करणारे घटक असतात आणि मिश्रण अल्कधर्मी असतं, त्यामुळे पातळ थर सहज सुटतो. फक्त ही सवलत शरीराने दिलेल्या तेलापुरतीच आहे. बाटलीतून ओतलेल्या तेलाला ती लागू नाही.

खोबरेल तेल इथे जास्त चिवट ठरतं. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी 2003 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना करता केसांतलं प्रथिन झिजणं कमी झालं ते खोबरेल तेलानेच. त्याचा रेणू लहान आणि सरळ असल्याने तो केसाच्या आतही शिरतो आणि केसाला पाणी पिऊन फुगू देत नाही, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं. एरवी हा खोबरेल तेलाचा मोठा गुण. पण डायला केस फुगलेलाच हवा असतो, त्यामुळे रंगाच्या दिवशी तोच गुण आड येतो.

सीरम आणि कंडिशनरची गोष्ट थोडी निराळी आहे. सीरममध्ये मुख्यतः सिलिकॉन असतं, आणि केस चमकतात ते त्याच्या पातळ, पाणी झटकणाऱ्या आवरणामुळे. कंडिशनरचे घटक तर मुद्दामच केसाला धरून राहतील असे निवडलेले असतात. ड्राय शॅम्पूची पूड आणि स्प्रेचा कडक थर हेही बाहेरचंच ओझं. यातलं काहीच टाळूचं रक्षण करत नाही, ते फक्त वाट अडवतं.

मेंदीत तर साबणासारखं काहीच नसतं. पानांची पूड आणि पाणी, फार तर लिंबाचा रस किंवा चहाचं पाणी. तिचा रंगकण, लॉसोन, केसाच्या प्रथिनाला थेट जाऊन धरतो. अमोनियाची मदत नाही, खवले उचलणारं कोणी नाही. वाटेत तेल असलं तर ते बाजूला करायलाही कोणी नाही. म्हणून मेंदीसाठी केस खरोखरच धुतलेले हवेत. मेंदीनंतर निळीच्या पानांची पूड लावून काळा रंग आणायचा असेल तर आणखीच काटेकोर राहावं लागतं. कालवलेली नीळ थोड्याच वेळात उतरू लागते, तिला थांबायला सवड नसते. आपल्याकडे मेंदीत दही, अंडं आणि वर चमचाभर तेल घालायची हौस आहे. तेल वाट अडवतं हे आता वेगळं सांगायला नको. पण लॉसोन प्रथिनाला चिकटतो, आणि दह्या-अंड्यातही प्रथिनच आहे. थोडा रंग केसांऐवजी तिथेच खर्ची पडतो. केस मऊ करायचे असतील तर हे मिश्रण चालेल, रंग हवा असेल तर साधी मेंदी बरी.

मेंदी धुतल्यावर तेल लावायची जुनी पद्धत मात्र बिनधोक आहे. नुसत्या पाण्याने मेंदी काढायची, दुसऱ्या दिवशी तेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी न्हाणं. तोवर रंग प्रथिनाला धरलेला असतो आणि हवेत एक-दोन दिवसांत आणखी गडद होत जातो. नंतर लावलेलं तेल तो उपटू शकत नाही.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. पन्नाशीची एक गृहिणी दर तीन आठवड्यांनी घरी क्रीम डाय लावते. शनिवारी रात्री खोबरेल तेलाने चंपी, रविवारी सकाळी एकदा शॅम्पू, मग कंडिशनर, केस टॉवेलने टिपले की लगेच डाय. भांगाशी आणि कानशिलांवर पांढरे केस तसेच राहतात, म्हणून दर वेळी दहा मिनिटं जास्त ठेवायची सवय लागली आहे. इथे चुका तीन आहेत. रात्रभर मुरलेलं तेल एका शॅम्पूने जात नाही, पहिल्या वेळी फेस बसतो तो तेल अजून आहे म्हणूनच. वरून कंडिशनरचा नवा थर चढला. आणि ओल्या केसांतल्या पाण्याने डाय पातळ झाला.

तिने एवढंच बदलायचं. तेल लावायचं ते बुधवारपर्यंत. शुक्रवारी रात्री बोटांच्या पेरांनी, नखं न लावता, दोनदा शॅम्पू. कंडिशनर आणि सीरम नाही. शनिवारी काहीच लावायचं नाही, टाळूची आपली साय येऊ द्यायची. रविवारी कोरड्या केसांना डाय, आणि सुरुवात कानशिलांपासून, म्हणजे ताजा डाय आणि पूर्ण वेळ तिथल्या केसांना मिळतो. व्हॅसलीन बोटाने न लावता इअरबडने, केसांच्या रेषेच्या खाली. वेळ पाकिटावर दिलाय तेवढाच.

मेंदी असेल तर वेळापत्रक बदलतं. त्याच दिवशी दोनदा धुवून किंचित दमट केसांवर मेंदी लावली तरी चालते, कारण टाळूला झोंबेल असं शुद्ध मेंदीत काही नसतं.

तेल उरलंय का हे बघायला टिश्यूपेपर पुरतो. कोरड्या केसांच्या भांगावर तो घट्ट दाबून उजेडात धरा. पारदर्शक डाग दिसला तर अजून एकदा धुवायला हवं. केसांवर पाण्याचा थेंब टाकून बघण्यावर मात्र विसंबू नका. निरोगी केसाच्या खवल्यांवर जन्मजात मेदाचा थर असतो, त्यामुळे अगदी स्वच्छ केसावरही थेंब घरंगळू शकतो.

एवढं करूनही काही केस पांढरे राहिलेच तर ते कुठे आहेत ते पाहा. तेल ओतायच्या जागी, भांगाशी आणि माथ्यावर, एकगठ्ठा पट्टा राहिला असेल तर संशय तेलावर. डोकंभर एकेकटा जाड, राठ केस चमकत असेल तर तेल निर्दोष असण्याचीच शक्यता जास्त. असे पांढरे केस मुळातच रंग उशिरा घेतात. शंका मिटवायची असेल तर मानेवरच्या केसांची लहानशी बट कापून दोन भाग करा आणि दोऱ्याने बांधा. एक दोनदा धुवून वाळवलेला, दुसऱ्याला नेहमीसारखं तेल लावून एकदा धुतलेला. दोन्हींना एकाच वाटीतला डाय लावा आणि ठरल्या वेळी धुवून खिडकीशी धरून पाहा.

शेवटी ‘काळी मेंदी’ या नावाच्या पुड्यांबद्दल. मेंदीचं पान एकट्याने केस काळे करत नाही. घटकांच्या यादीत पॅरा-फिनिलीनडायअमीन किंवा पीपीडी असं लिहिलं असेल तर तो डाय आहे, मेंदी नव्हे, आणि नुकत्याच चोळून धुतलेल्या टाळूवर तो लावू नका. त्याची काहींना तीव्र अॅलर्जी होते, म्हणून 48 तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून पाहा. आणि ती चाचणीही तेल न लावलेल्या कातडीवरच करा, नाहीतर तिथेही थर आडवा येऊन निकाल खोटा लागेल.