‘वॉज’ कुठे, ‘इज’ कुठे आणि ‘मे’ कशासाठी

गैरसमज: शोधनिबंध म्हणजे सगळा भूतकाळ.

एक काल्पनिक अभ्यास घेऊ. 240 कॉलेजकन्यकांचं हिमोग्लोबिन एकदाच तपासलं. जेवणानंतर लगेच चहा पिणाऱ्या 120 जणींपैकी 66 जणींना ॲनिमिया होता, न पिणाऱ्या 120 जणींपैकी 42 जणींना. म्हणजे 55 टक्के आणि 35 टक्के.

रक्त काढलं, मोजलं, आकडे मिळाले. हे घडून गेलं, म्हणून पद्धती आणि निष्कर्षांत ‘वॉज मेझर्ड’, ‘हॅड ॲनिमिया’. पद्धतीच्या भागात ‘विल बी मेझर्ड’ दिसलं, तर मजकूर एथिक्स कमिटीला दिलेल्या प्रोटोकॉलमधून जसाच्या तसा उचललाय, हे परीक्षक लगेच ओळखतो. पण तक्ता आजही वाचकासमोर आहे, म्हणून ‘टेबल 2 शोज’ वर्तमानात. चहामुळे शाकाहारी अन्नातलं लोह कमी शोषलं जातं, हे आधीच प्रस्थापित आहे. प्रस्तावनेत तेही वर्तमानात, ‘टी रिड्यूसेस’.

आपली खोड वेगळीच. मराठीत निष्कर्ष सांगताना आपण सहज ‘दिसून येते’ लिहितो, आणि तेच इंग्रजीत ‘इट इज सीन दॅट’ होऊन उतरतं. वर्तमानकाळ आला की या 240 मुलींपुरती गोष्ट जगातल्या सगळ्या मुलींची होते. ‘फरक आढळला नाही’ आणि ‘फरक नसतो’ यांतही हेच अंतर आहे.

गैरसमज: पी-व्हॅल्यू 0.05 च्या खाली आली की ‘सिद्ध झालं’ म्हणता येतं.

आपल्या उदाहरणात ती खाली येतेच. तरी चहाने ॲनिमिया झाला, असं ठरत नाही. सवय आणि रक्त एकाच दिवशी पाहिलं. आधी काय आलं, ठाऊक नाही. थकवा आला म्हणून चहा वाढला असेल, किंवा चहा पिणाऱ्यांच्या ताटात भाजीच कमी असेल. म्हणून निष्कर्षांत ‘वॉज असोसिएटेड विथ’ लिहावं; ‘कॉज्ड’ किंवा ‘प्रूव्हड’ नको. निरीक्षणात्मक अभ्यासांसाठीची 2007 ची ‘स्ट्रोब’ मार्गदर्शिकाही अर्थ सावधपणे लावायला सांगते.

गैरसमज: जितके ‘मे’, तितकी सुरक्षितता.

याचा उलटा त्रास मला अधिक जाणवतो. ‘मे पॉसिब्ली सजेस्ट’ लिहिणारा काहीच म्हणत नाही. 66 जणींना ॲनिमिया होता, यात शंका कसली? तिथे ‘मे’ नको. लोहशोषणाच्या वाक्यातही नको. तो हवा या दोहोंना जोडणाऱ्या उडीवर: चर्चेत ‘चहाची सवय या मुलींमधल्या जास्त ॲनिमियाचं एक कारण असू शकते’, म्हणजे ‘मे पार्टली एक्स्प्लेन’. एका उडीला एकच ‘मे’ पुरतो.

मराठीत आपण ‘झाला’ आणि ‘झाला असावा’ यांत गल्लत करत नाही. इंग्रजी वाक्य अडलं, तर आधी ते मराठीत म्हणून पाहा. ‘असावा’ तोंडी आलं तर ‘मे’ लिहा. आणि सारांशाची शेवटची ओळ पुन्हा तपासा, कारण चर्चेत जपून ठेवलेला ‘मे’ शब्दमर्यादेपायी पहिल्यांदा तिथेच गळतो.