फोटोतल्या आकृतीपासून पार्ट्सच्या यादीपर्यंत

वहीच्या पानावर पेनाने काढलेलं सर्किट, त्याचा मोबाईलवर घेतलेला फोटो, आणि खाली एक ओळ: ‘एवढे पार्ट्स घेऊन ये.’ लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत काउंटरसमोर उभं राहून फोटो मोठा करकरून पाहणारी माणसं रोज दिसतात. गर्दीत दुकानदाराला ते सर्किट समजून घ्यायला वेळ नसतो, त्याला यादी लागते: वस्तू कोणती, मूल्य किती, रेटिंग किती, नग किती. ही यादी घरीच, शांतपणे व्हायला हवी. कारण आकृतीतलं सगळं फोटोत उतरत नाही, आणि दुकानात लागणारं सगळं मुळात आकृतीतही नसतं.

एक नेहमीचं सर्किट घेऊ. अंधार पडला की अंगणातला दिवा आपोआप लावणारं. डावीकडे ट्रान्सफॉर्मर, मग चार डायोडचा ब्रिज, एक मोठा कपॅसिटर, १२ व्होल्टचा रेग्युलेटर ७८१२ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटा कपॅसिटर. उजवीकडे एलडीआर, म्हणजे उजेडानुसार ज्याचा अवरोध बदलतो तो पार्ट, त्याच्या जोडीला प्रीसेट, पुढे बीसी ५४७ ट्रान्झिस्टर आणि रिले. सप्लाय चालू असल्याचं दाखवायला एक एलईडी.

पहिलं काम नावं देण्याचं. हाताने काढलेल्या आकृतीत बहुतेकदा आर १, आर २, सी १, डी १ असे क्रमांक नसतात. फोटोची प्रिंट काढावी, नाहीतर मोबाईलमध्येच त्यावर लाल रंगाने लिहावं, आणि डावीकडून उजवीकडे जात प्रत्येक चिन्हाला नाव द्यावं. नाव दिल्याशिवाय मोजणी करू नये. या सर्किटमध्ये डायोड किती, असं विचारलं तर बहुतेकजण ब्रिज पाहून चार सांगतात. पाचवा डायोड रिलेच्या कॉइलवर उलटा जोडलेला असतो आणि चित्रात अगदी लहान काढलेला असतो. रिले बंद होताना कॉइलमध्ये उलट दाबाचा झटका तयार होतो, तो डायोड हा झटका स्वतःवर घेतो. तो यादीतून सुटला तर ट्रान्झिस्टर केव्हा ना केव्हा जाणारच. नावं देत गेलं की डी ५ आपोआप समोर येतो, आणि यादीत १एन४००७ चे नग पाच होतात.

दुसरं काम आकडे वाचण्याचं. फोटोत सगळ्यात आधी नाहीसा होतो तो दशांश बिंदू. रेग्युलेटरजवळच्या छोट्या कपॅसिटरवर जुन्या सवयीने ‘.१’ लिहिलेलं असतं, फोटोत उरतो ‘१’. म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडच्या जागी १ मायक्रोफॅरड, दहापट. हा धोका टाळण्यासाठीच ४.७ किलोओहम हे ४के७ असं लिहायची पद्धत आहे: बिंदूच्या जागी अक्षर येतं आणि अक्षर सहसा पुसलं जात नाही. यादीत तरी आपण तसंच लिहावं. कपॅसिटरसमोर ‘०.१ मायक्रोफॅरड, अंगावर १०४’ अशी दुहेरी नोंद करावी. १०४ म्हणजे १० पुढे चार शून्यं, एवढे पिकोफॅरड. दुकानात पुडीतून हातात येणाऱ्या पार्टवर हाच आकडा छापलेला असतो, त्यामुळे तिथल्या तिथे पडताळा होतो.

प्रीसेटजवळचा आकडा ४१के वाटतो की ४७के? इथे बाजारच उत्तर देतो. प्रीसेट १०, २२, ४७, १०० किलोओहम अशा ठरावीक मूल्यांत मिळतात. ४१ मिळत नाही, म्हणजे तो सात आहे, फक्त त्याची वरची रेघ उजेडात गेली आहे. साधे रेझिस्टरही असेच ठरलेल्या पायऱ्यांत येतात: १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२ आणि त्यांचे दहापट, शंभरपट. वाचलेला आकडा या मालिकेत बसत नसेल तर बहुधा वाचण्यात चूक आहे. मात्र ३३ की ३९ असा संशय असेल तर दोन्ही मिळतात, तिथे हा उपाय चालत नाही.

मग हिशोबाकडे वळावं. एलईडीच्या रेझिस्टरजवळ नुसता ‘१’ दिसतो. सप्लाय १२ व्होल्ट, एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, उरले १०. रेझिस्टर १ ओहमचा धरला तर एलईडी क्षणात जळेल. १ किलोओहम धरला तर १० मिलिअँपिअर येतात, आणि सूचक दिव्याला तेवढेच लागतात. म्हणजे ‘के’ पुसला गेला आहे. त्याच हिशोबात रेटिंगही मिळतं: १० व्होल्ट गुणिले १० मिलिअँपिअर म्हणजे ०.१ वॅट, तेव्हा पाव वॅटचा रेझिस्टर पुरतो. बीसी ५४७ च्या बेसला जाणाराही १ किलोओहम पाव वॅटचाच आहे, म्हणून दोघांची एकच ओळ, नग दोन. मूल्य सारखं पण वॅट वेगळे असते तर त्यांना एका ओळीत आणू नये.

मोठ्या कपॅसिटरवर आकृतीत ‘१०००’ एवढंच आहे, व्होल्टेज नाही. ट्रान्सफॉर्मरचे १२ व्होल्ट एसी असले तरी त्याचं शिखर जवळपास १७ असतं, दोन डायोडमध्ये १.४ गेले तरी साडेपंधरा उरतात. शिवाय भार कमी असेल किंवा घरातली लाइन २३० ऐवजी २५० झाली की तेही वर चढतात. १६ व्होल्टचा कपॅसिटर इथे घेऊ नये, २५ चा घ्यावा. हे २५ कुणी लिहिलेलं नाही, आपण ठरवलं आहे, आणि यादीत तसं नमूद करावं. मी यादीत शेवटचा रकाना त्यासाठीच ठेवतो: ‘वाचलं’, ‘ठरवलं’ किंवा ‘विचारायचं’. सर्किट काढणाऱ्याला यादी परत दाखवताना त्याने फक्त ‘ठरवलं’ आणि ‘विचारायचं’ या ओळी पाहिल्या तरी पुरतं.

ट्रान्सफॉर्मरची गोष्ट फोटोच्या कडेची आहे. डावी कड कापली गेल्यामुळे ‘०-१२’ एवढंच दिसतं. ते मुळात ‘१२-०-१२’ तर नसेल? आकडा सोडून तारा मोजाव्यात. सेकंडरीतून दोन तारा निघून चार डायोडच्या ब्रिजला जात असतील तर तो ०-१२ आहे. १२-०-१२ आणून त्याची दोन टोकं ब्रिजला लावली तर २४ व्होल्ट मिळतील आणि २५ व्होल्टचा तो कपॅसिटर फुगेल. फोटो मागवतानाच पान सपाट ठेवून, बरोबर वरून, चारही कडा येतील असा घ्यायला सांगावा आणि व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावा. फोटो म्हणून आला की तो दाबला जातो आणि बारीक बिंदू तिथेच हरवतात.

रेग्युलेटरला हीटसिंक लागेल का? रिलेची कॉइल साधारण ४०० ओहमची, म्हणजे ३० मिलिअँपिअर, अधिक एलईडीचे १०. साडेतीन व्होल्ट पडतात, उष्णता जेमतेम ०.१५ वॅट. हीटसिंक नको. पीसीबी, वायर, पेटी, मेनची कॉर्ड, फ्यूजहोल्डर मात्र आकृतीत नसले तरी यादीत हवेत.

राहिल्या दोन ओळी. रिलेवर ‘१२ व्ही’ लिहिलं आहे, पण ते कॉइलचं. कॉन्टॅक्ट किती अँपिअरचे, ते नाही. फ्यूजचं नुसतं चिन्ह आहे, आकडा नाही. दोन्हींचं उत्तर एकाच प्रश्नात आहे: दिवा कोणता लावणार? ९ वॅटचा एलईडी बल्ब असेल तर प्रवाह अगदी थोडा, ५०० वॅटचा हॅलोजन असेल तर २ अँपिअरच्या वर. इथे अंदाजाने आकडा भरू नये. दोन्ही ओळींपुढे ‘विचारायचं’ लिहावं, सर्किट काढणाऱ्याला फोन करावा आणि मगच बाजाराला निघावं.