गुपित सांगू नका, दिसू द्या: एका मिनिटाचं स्वगत कसं लिहायचं

मागच्या व्हिडिओत आपण म्हणालो होतो की मालाची जाहिरात करण्याऐवजी एक माणूस कॅमेऱ्यासमोर बसवा आणि त्याला एक मिनिट बोलू द्या. त्यावर बऱ्याच जणांची अडचण एकच असते: तो माणूस बोलायला लागला की भाषण होतं. "मी खूप कष्ट केले, खूप सोसलं, पण हार मानली नाही." वाक्य खरं असेलही, पण ते कुणाचंही असू शकतं. आपली 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण जशी अख्ख्या जिल्ह्याची आहे, तसंच हे वाक्य अख्ख्या जगाचं आहे. त्यातून माणूस ओळखू येत नाही.

याला उपाय म्हणजे पात्राला एक गुपित द्यायचं आणि ते त्याच्या तोंडून वदवायचं नाही. एखादी वस्तू, एखादी सवय, एखादी सबब, यातून बघणाऱ्याला ते कळू द्यायचं.

हे तंत्र नवीन नाही. विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक १९६७ साली रंगमंचावर आलं. त्यात बेणारे बाई कुठल्या संकटात सापडल्या आहेत, हे हळूहळू बाहेर येतं. एक साक्षीदार सांगतो की बोलता बोलता बाईंच्या पर्समधून एक बाटली खाली पडली, आणि तिच्यावर टिक-२० असं नाव होतं. ढेकूण मारायचं विषारी औषध! बाई जिवावर उदार झाल्या आहेत हे सांगायला वेगळ्या वाक्याची गरजच उरत नाही. औषधाचं नाव न सांगता 'एक बाटली' म्हटलं असतं तर हा परिणाम झाला नसता. पुढे नाटकात बाईंचं लांबलचक स्वगतही आहे, पण नाटकाला दोन-अडीच तास असतात. आपल्याकडे एकच मिनिट आहे, म्हणून आपल्याला बाटलीवरच भागवायचं आहे.

आता एक उदाहरण पूर्ण करून बघू. पात्र काल्पनिक आहे: मानवतमध्ये घरी काळा मसाला करून विकणारी पन्नाशीची बाई. गुपित असं की तिला लिहिता-वाचता येत नाही, आणि ते तिनं पोरीपासूनही लपवलंय.

पहिली पायरी: गुपित एका चिठ्ठीवर एका वाक्यात लिहा आणि चिठ्ठी बाजूला ठेवा. त्यातले शब्द आता स्वगतात वापरायचे नाहीत. इथं 'अडाणी', 'शाळा', 'वाचता येत नाही', 'लाज' हे सगळे शब्द बंद.

दुसरी पायरी: या गुपितामुळं ती रोज काय वेगळं करते, ते शोधा. तिला कसं वाटतं ते नको, ती काय करते ते. उधारी तर ठेवावी लागतेच, मग ती कशी ठेवते? चित्रं काढून. कुणी कागद पुढं केला तर काय म्हणते? "चष्मा घरी राहिला." या गुपितापायी तिचं काय अडलंय? कांडप मशीनसाठीचं कर्ज. हे शेवटचं विसरू नका. गुपिताची काही किंमत मोजावी लागत नसेल तर बघणारा थांबत नाही.

आता लिहू. बाई मिरच्यांचे देठ खुडत बसली आहे, शेजारी वही.

"हे माझं उधारीचं पुस्तक. ही बैलजोडी म्हणजे कोपऱ्यावरचे पाटील. ही मिशी म्हणजे मास्तर. मास्तरांनी पैसे दिले की मिशी खोडायची. पोरगी लई हसते. म्हणते, आई, तू तर चित्रकारच व्हायला पाहिजे होतीस.

परवा बँकेत गेले, कांडप मशीनसाठी. साहेबांनी कागद पुढं केला. म्हणले, मावशी, नीट वाचा अन् मग सही करा. म्हणलं, साहेब, चष्मा घरी राहिला. चांगला माणूस. म्हणले, उद्या घेऊन या.

चार दिवस झाले त्याला.

काल पोरीनं तिच्या पगारातून चष्मा आणला. हा बघा. माझ्या डोळ्यावर ठेवला अन् म्हणली, आई, आता दिसतंय का? म्हणलं, दिसतंय की. लई चांगलं दिसतंय."

चष्मा काढून ती वहीवर ठेवते आणि पुन्हा देठ खुडायला लागते. संपलं.

हे का चालतं ते बघा. वहीतली चित्रं पहिल्यांदा गंमत म्हणून येतात. पोरगी हसते, आपणही हसतो. चष्म्याची सबब आली की शंका येते. आणि चष्मा खरोखर घरी आला की तिच्याकडं सबबच उरत नाही. त्या वेळी आपल्याला मागची मिशी आणि बैलजोडी पुन्हा आठवते, पण आता तिचा अर्थ वेगळा असतो. म्हणजे एकच गोष्ट आधी साधी म्हणून दाखवायची आणि नंतर तिचा अर्थ उघडायचा.

तिसरी पायरी म्हणजे तपशील तपासणे. माझ्या पहिल्या खर्ड्यात शेवटी बाई चष्मा लावून मसाल्याच्या पाकिटावरचं लेबल उलटं धरते, असं होतं. वाटलं, काय भारी! पण विचार केला तर ते खोटं आहे. जी बाई रोज शंभर पाकिटं भरते, तिला अक्षर येत नसलं तरी लेबलची वरची बाजू कुठली हे पक्कं माहीत असतं. लेबल उलटं धरणं हे तिचं वागणं नव्हतंच, तो माझा बघणाऱ्याला केलेला इशारा होता. म्हणून काढलं. प्रत्येक तपशिलाला हाच प्रश्न विचारा: कॅमेरा नसता तर तिनं हे केलं असतं का?

आता नेहमी कुठं गडबड होते ते सांगतो. सगळ्यात मोठी चूक शेवटी होते. स्वगत जमलेलं असतं, पण भीती वाटते की लोकांना कळलं नाही तर? मग शेवटी "कारण मला वाचताच येत नव्हतं" हे वाक्य जोडलं जातं, किंवा व्हिडिओच्या शीर्षकातच 'निरक्षर मावशीची कहाणी' असं लिहिलं जातं. मग बघणाऱ्याला शोधायला काहीच उरत नाही. शीर्षक 'मावशींचा नवा चष्मा' एवढंच ठेवा.

कळतंय की नाही याची परीक्षा सोपी आहे. ज्यांना गोष्ट माहीत नाही अशा तिघांना व्हिडिओ दाखवा. "आवडला का?" असं विचारू नका, आवडला असंच म्हणतील. विचारा, "ती काय लपवतेय?" तिघांपैकी दोघांनी बरोबर सांगितलं तर हात लावू नका. कुणालाच कळलं नाही तर स्पष्टीकरण जोडू नका. बँकेतला प्रसंग एका वाक्यानं वाढवा. आणि वही दिसल्याबरोबर तिघांनाही कळलं तर चित्रं जास्त झालीत, कमी करा.

एक मर्यादा मात्र पाळा. पात्र काल्पनिक असेल तर व्हिडिओखाली तसं लिहा, तिला आपली खरी ग्राहक म्हणून दाखवू नका. आणि खऱ्या माणसाचं गुपित असेल तर आधी त्याला पूर्ण व्हिडिओ दाखवा, मग विचारा. आपल्या तालुक्यात नाव न घेताही माणूस ओळखू येतो, वहीतल्या मिशीवरून मास्तर ओळखू येतात तसा.

या आठवड्याचं काम: एक चिठ्ठी, एक गुपित, आणि त्या माणसाची एक सबब. सबब सापडली की स्वगत अर्धं झालं समजा.