पहिला घास किती मिनिटांत?

दीड-दोन वर्षांचं मूल घेऊन बाहेर जेवायला जायचं ठरलं, की आपण आधी पदार्थांची चव आठवतो. खरं तर आधी हिशेब करायचा तो वेळेचा. या वयाचं मूल एका जागी अर्धा तास बसलं तरी पुष्कळ. म्हणून दारात पाऊल ठेवल्यापासून त्याच्या तोंडात पहिला घास जाईपर्यंत किती मिनिटं लागतील, यावर हॉटेल निवडावं.

समजा, शनिवारी रात्री साडेआठला तुम्ही पुण्यातल्या एखाद्या नावाजलेल्या पंजाबी हॉटेलात पोचलात. नाव लिहून घेतलं, चाळीस मिनिटांचं वेटिंग. टेबल मिळाल्यावर भाजी-रोटी यायला आणखी पंचवीस. म्हणजे तासाहून जास्त वेळ गेला आणि मुलाची झोपेची वेळही टळली. तेच कुटुंब सात वाजता साध्या उडुपी हॉटेलात गेलं, तर टेबल बहुधा लगेच मिळतं आणि इडली पाच-सात मिनिटांत समोर येते, कारण ती वाफवून तयारच असते. मुलाची इडली आणि दहीभात आधी मागवा, मोठ्यांची ऑर्डर सावकाश द्या.

मेन्यूकार्डावर लहान मुलांचं वेगळं पान असेल तर त्याला फार भुलू नका. तिथे बहुतेक वेळा फ्रेंच फ्राइज आणि नगेट्सच असतात. "तिखट कमी करा" म्हणून सांगण्यातही फारसा अर्थ नसतो. ग्रेव्ही सकाळीच मोठ्या पातेल्यात तयार झालेली असते, तिच्यातलं तिखट काढणार कसं? जे त्या वेळी वेगळं बनतं ते मागा: साधा डोसा, बिनफोडणीचं वरण आणि मऊ भात, फुलका. चटणीतली डाळ, अख्खे शेंगदाणे, पॉपकॉर्न मात्र मुलाच्या हाताला लागू देऊ नका, घशात अडकतात.

बसायची जागा निवडताना स्वयंपाकघराच्या दाराजवळचं टेबल टाळा. तिथून गरम सूप आणि धूर काढणारे सिझलर सतत जात असतात, आणि मूल खुर्चीतून कधी उतरेल याचा नेम नाही. भिंतीलगतचा सोफा उत्तम, कारण मुलाला आतल्या बाजूला बसवता येतं. बेबी चेअर मिळाली तर मुलाला बसवण्याआधी ती हलवून पाहा. डुगडुगत असेल किंवा पट्टा तुटलेला असेल तर सरळ परत करा. दोन्ही पायांच्या मधून जाणारा पट्टा नसला, तर मूल खाली घसरतं आणि ट्रेखाली अडकतं. अशा खुर्चीपेक्षा आईबाबांची मांडी बरी.

निघण्याआधी एक फोन करा आणि तीनच प्रश्न विचारा: आत्ता वेटिंग किती आहे, पट्ट्याची बेबी चेअर आहे का, आणि साधा वरणभात मिळेल का? पलीकडचा माणूस तिन्हींची उत्तरं नीट देत नसेल, तर त्या दिवशी दुसरं हॉटेल बघा.