पिवळं पान, ओली माती

ऑगस्टमध्ये गॅलरीतल्या टोमॅटोची खालची पानं पिवळी पडली की बहुतेकजण दोनपैकी एक गोष्ट करतात. कुणी मूठभर खत टाकतं, कुणी पाणी वाढवतं. झाड उपाशी असेल तर पाण्यानं त्याचं पोट भरत नाही. मुळं पाण्यात गुदमरली असतील तर दोन्ही उपाय त्याला आणखी खाली ओढतात. म्हणून पानाच्या रंगावरून निर्णय न घेता आधी कुंडी तपासावी.

पानाचा हिरवा रंग ज्या हरितद्रव्यामुळे येतो, त्याच्या घडणीत नत्र असतं. मातीतून पुरेसं नत्र मिळेनासं झालं की झाड जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याच्या कोवळ्या पानांना देतं. त्यामुळे भुकेची खूण सर्वात खालच्या पानांवर आधी दिसते. पान शिरांसकट सारखंच फिकं होतं, मग पिवळं होतं आणि वाळून गळतं. वरची पानं फिकट हिरवी आणि आकारानं लहान राहतात, खोड बारीक राहतं, वाढ मंदावते. पण झाड लोळत नाही, पानं ताठ असतात. ही खूण मला सगळ्यात उपयोगाची वाटते.

जास्त पाण्यानं बिघडलेलं झाड मात्र माती ओली असतानाही मान टाकतं. मुळांना श्वास घ्यायला हवा लागते. मातीतल्या पोकळ्यांत पाणीच साचून राहिलं की मुळांना ऑक्सिजन मिळत नाही, ती कुजू लागतात आणि भोवती पाणी असूनही ते वर पोहोचत नाही. दुपारच्या उन्हात मलूल झालेलं झाड संध्याकाळी सावरत असेल तर काळजी नको. सकाळी सकाळीच, ओल्या मातीत ते लोळलेलं दिसलं तर दोष मुळांत शोधावा.

समजा, १२ इंची कुंडीतला टोमॅटो आहे. बोट दोन इंच मातीत खुपसा. वरचा थर कोरडा आणि आत चिखल, असं पावसाळ्यात नेहमी होतं, म्हणून नुसत्या वरच्या मातीवर विश्वास ठेवू नये. मग कुंडी थोडी उचलून पाहा. पाणी घालून दोन दिवस झाले तरी ती जडच लागत असेल, खालच्या भोकातून काही निथळत नसेल, तर पाणी अडलं आहे. तळाशी खडी घातल्यानं निचरा सुधारतो हा समज चुकीचा आहे. बारीक मातीतलं पाणी खडीत सहज उतरत नाही, उलट ओला थर मुळांच्या आणखी जवळ येतो. शेवटी शंका उरली तर कुंडी आडवी करून मातीचा गड्डा अलगद बाहेर काढा. निरोगी मुळं पांढरी आणि टणक असतात. कुजलेलं मूळ तपकिरी, बुळबुळीत असतं. ते चिमटीत ओढलं की वरची साल सुटते आणि आतला धागा तेवढा हातात राहतो. मातीलाही आंबूस, सडका वास येतो.

खरा गोंधळ पुढेच आहे, कारण पावसाळ्यात दोन्ही दुखणी एकाच कुंडीत भेटतात. सततच्या पाण्यानं विरघळलेलं नत्र भोकातून वाहून जातं. पाणी साचलेल्या मातीत हवा नसली की काही जिवाणू नायट्रेटचं वायूत रूपांतर करतात आणि ते हवेत उडून जातं. शिवाय कुजलेली मुळं उरलेलं नत्रही शोषू शकत नाहीत. म्हणजे झाड उपाशी असतं, पण त्याला आधी हवा हवी असते. अशा वेळी खत घातलं तर त्यातले क्षार दुबळ्या मुळांना भाजतात.

म्हणून पहिल्यांदा खालची बशी काढावी, भोक मोकळं करावं, कुंडी विटांवर टेकवून पावसाआड न्यावी आणि वरची दोन इंच माती कोरडी होईपर्यंत पाणी देऊ नये. कुजलेली मुळं असतील तर ती कात्रीनं छाटून, गांडूळखत आणि कोकोपीट मिसळलेल्या भुसभुशीत मातीत झाड पुन्हा लावावं. खत मात्र नवी पालवी दिसू लागल्यावरच.

केवळ नत्राचीच भूक असेल तर लिटरभर पाण्यात १ ते २ ग्रॅम युरिया, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याचा पाव ते अर्धा भाग, विरघळवून ओलसर मातीत द्यावा. रासायनिक नको असेल तर शेंगदाणा पेंड तीन-चार दिवस भिजवून, ते पाणी दसपट पातळ करून द्यावं, पण परिणाम हळू दिसतो. पूर्ण पिवळं झालेलं पान पुन्हा हिरवं होत नाही. आठवडा-दहा दिवसांत नवी पानं गडद होत आहेत का, तेच पाहावं.

शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर ते बहुधा नत्राचं दुखणं नव्हे, लोहाचं आहे. फळांनी लगडलेल्या टोमॅटोचं तळाचं एखादं पान पिवळं पडलं तर ते सरळ खुडून टाकावं.